नीलाच्या रकान्यात काय लिहायचं

७ फेब्रु. १९९१, गुरुवार

जनगणनेचं प्रशिक्षण संपलं एकदाचं. भाईंदरच्या सगळ्या शाळांचे शिक्षक तीन दिवस बाकांवर. पोरांना ज्यासाठी उभं करतो तेच सगळं आम्ही केलं. मागच्या बाकावर शेंगदाणे.

सांगणारा गृहस्थ मात्र नेमका होता. "माणशी एक स्लिप. माणूस सांगेल ते लिहायचं. धर्म विचारायचा, पुरावा मागायचा नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या माणसाशी जी भाषा बोलली ती. चेहऱ्यावरून नाही, आडनावावरून नाही, तुमच्या अंदाजावरून तर नाहीच." वहीत दोनदा अधोरेखित केलं.

चहाला पाचवीच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "डिमेलोबाई, तुमच्या घरी जाईल त्याची मजाच आहे. चार स्लिपा, चार तऱ्हा." सगळे हसले. मी म्हटलं, "तुमच्याकडे पाच स्लिपा आणि एकच तऱ्हा. तो पेंगेल बिचारा." मग त्यांनी बिस्किटात लक्ष घातलं.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, अजून तेच. "डिमेलो? आणि कुंकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. माहेरची दिघे, लग्न नोंदणी पद्धतीने, धर्म बदललेला नाही. एका श्वासात सांगते. मग लगेच, "अन् मुलं?" त्याचंही ठरलेलं. "मोठी झाली की ठरवतील." सुधीर झाला तेव्हा मी आणि इग्नेशसने मिळून ठरवलं होतं. बाप्तिस्मा नाही, मुंज नाही. लोकांना ते उत्तर आवडत नाही म्हणून मला जास्तच आवडतं.

सुधीर पंचवीसचा, नीला बावीसची. झाली की मोठी.

९ फेब्रु., शनिवार

सुरुवात. मला गट नया नगरमधला मिळाला. आम्ही राहतो त्या पूनम सागरला दुसऱ्या शाळेचे गावंडे सर आहेत. बरं झालं, स्वतःच्या शेजाऱ्यांचं वय विचारणं नको.

सकाळी अकरा घरं. पाय गेले कामातून. दोन ठिकाणी सरबत, एका ठिकाणी "साहब नहीं हैं, बाद में आना". साहेब आतल्या खोलीत खोकत होते.

इ. म्हणाला, "तुला बघून लोक खरं वय सांगत असतील." (हा माणूस सरकारी छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून फार बोलायला लागलाय.)

११ फेब्रु., सोमवार

आज एकाला झापला. बरं वाटलं.

दुसरा मजला, सहा माणसं. माहिती द्यायला दीर बसला होता, झब्बा, अत्तर, सगळं व्यवस्थित. भावजयीच्या स्लिपेवर मातृभाषा विचारली. "उर्दू लिखिए. हम लोग उर्दूवाले हैं." स्वयंपाकघरातून आवाज आला, "मराठी." मी थांबले. ती बाहेर आली, हात पिठाचे. तिशीची असेल. म्हणाली, "माझी आई चिपळूणकडची. वडील लखनौचे. आई माझ्याशी मराठीतच बोलायची. उर्दू मी शाळेत शिकले."

दीर म्हणाला, "भाभी, वालिद के हिसाब से होता है."

"होता होगा. ह्या बाई आईचं विचारतायत."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, घर में तो सब उर्दू में बात करते हैं. लोग क्या समझेंगे, हमारे घर में मराठी कैसे?" मी म्हटलं, "लोग नहीं पढ़ेंगे. ये गोपनीय है. और जिसकी स्लिप, उसका जवाब." मातृभाषा मराठी लिहिलं, येणाऱ्या इतर दोन भाषांत उर्दू आणि हिंदी. त्यानं तोंड फिरवलं.

दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "आजोळी मला लखनौवाली म्हणायचे. इथे कोकणी म्हणतात. बरं वाटलं, कुणी मलाच विचारलं."

जिना उतरताना मी फुशारले होते. कबूल करते.

१३ फेब्रु., बुधवार

नीला संध्याकाळी आली ती कपाळावर राख लावून. आज त्यांचा राखेचा बुधवार. बोरिवलीच्या बँकेतून सुटल्यावर चर्चला गेली होती.

मी म्हटलं, "पूस ते. भाजी निवडायची आहे."

"आपोआप जाईल."

"तुझा बाप्तिस्मा झालेला नाही."

"राख सगळ्यांना लावतात, आई. विचारत नाहीत."

मग पुढे, अगदी शांतपणे, मेथीची जुडी सोडता सोडता: "गावंडे सर येतील तेव्हा माझं ख्रिश्चन सांगायचं. आणि कुणी विचारलं कोण, तर ईस्ट इंडियन. बँकेतही तेच सांगते मी. तू मध्ये बोलू नकोस म्हणून आधी सांगून ठेवते."

मध्ये. मी मध्ये.

इ. पेपरातून बाहेरच आला नाही. उत्तन त्याचं गाव, तिथले जुने मराठी बोलणारे ख्रिस्ती, ईस्ट इंडियन, ही त्याची माणसं, आणि हा क्रिकेट वाचतोय. मी त्याला म्हटलं, "तू भरवलंस का हे?" तर म्हणतो, "मी स्वतः वर्षातून दोनदा जातो चर्चला. मी काय भरवणार?"

खरं आहे, ते जास्त चीड आणणारं आहे. कुणी भरवलं असतं तर त्याला जाब विचारता आला असता.

१४ फेब्रु., गुरुवार

आज फक्त सात घरं. डोक्यात तेच.

मी तिला वाढवलं, शिकवलं, माझी पुस्तकं वाचायला दिली. तिचं मराठी माझ्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांपेक्षा शुद्ध आहे. आणि नाव सांगायची वेळ आली की त्यात मी कुठेच नाही. ईस्ट इंडियन. उत्तनची. जशी काही मी तिला रस्त्यात भेटलेली बाई.

वाढवलं, असं लिहिलं वर. सहा वर्षं वजा करायला हवीत. गिरगावातल्या त्या एका खोलीत दोन मुलं आणि माझी नोकरी जमेना. आईने सुधीरला ठेवून घेतलं. "एकच जमेल," म्हणाली, आणि एक कोण ते विचारावं लागलं नाही. नीलाला सासूबाई उत्तनला घेऊन गेल्या. चार महिन्यांची होती. आम्ही रविवारी जायचो. सातव्या वर्षी शाळेसाठी आणली तेव्हा "हाय, न्हाय" बोलायची. वर्षभरात घालवलं मी ते.

सासूबाईंचे उपकार आहेत. ते मी नाकारत नाही. पण उपकार म्हणजे सातबाऱ्यावर नाव नव्हे.

१६ फेब्रु., शनिवार

सुधीरला विचारलं. त्याने चहा संपवून सांगितलं, "हिंदू. मराठी. त्यात विचारायचं काय?" शहाणा मुलगा. ऑफिसात सुधीर डी. म्हणून ओळखतात त्याला. शांती नगरमध्ये खोली बघतोय, तिथल्या दलालाने "कौन लोग?" विचारलं तर "महाराष्ट्रीयन" म्हणाला आणि लगेच तीन जागा दाखवल्या. डी. म्हणजे दिघे असं दलालाने आपणच धरलं. त्याने दुरुस्त केलं नाही.

इ. म्हणाला, "आगाऊ रक्कम द्यायच्या वेळी बापाला नेऊ नकोस हां, भाव वाढेल." सुधीर हसला. मीही हसले. इ. हसला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

नीला ताटावरून उठून गेली.

२० फेब्रु., बुधवार

गावंडे सर आले. सकाळी साडेअकरा. घरी मी एकटी. इ. उत्तनला भावाकडे, मुलं कामावर. माझी दुपारची शाळा.

तरुण आहेत, नम्र आहेत, अक्षर बरं आहे. "बाई, तुमचं काम मी काय तपासणार, तुम्हीच सांगा." चहा केला. कुटुंबप्रमुख इग्नेशस डिमेलो, ख्रिस्ती. मी, हिंदू, मराठी. सुधीर, हिंदू, मराठी.

मग नीलाची स्लिप. नाव, नातं, वय. मातृभाषा. मी म्हटलं, मराठी. धर्म. मी म्हटलं, हिंदू.

त्यांनी पेन उचललं. "बाई, ताईंना विचारू का? संध्याकाळी परत येतो, मला काही लांब नाही."

"मी तिची आई आहे."

त्यांनी लिहिलं. स्लिपा पिशवीत घातल्या. चहा छान झाला म्हणाले.

घरातल्या कुणीही एकाने सगळ्यांचं सांगायचं असतं, नियमच आहे. आम्ही रोज तसंच घेतो. बेकायदा काही झालेलं नाही. शिवाय जे खरं आहे तेच सांगितलं. बाप्तिस्मा झालेला नाही, ती ख्रिश्चन नाही. मग कोण? माझी मुलगी. म्हणून हिंदू.

२१ फेब्रु., गुरुवार

आज एक मुलगा भेटला, कॉलेजातला, घरी एकटा. वडील तमिळ, आई पंजाबी, दोघं ऑफिसला. मातृभाषा विचारली तर म्हणतो, "बॉम्बे."

"बॉम्बे ही भाषा नाही."

"आंटी, पापाच्या गावी मला पंजाबी म्हणतात, मम्मीच्या गावी मद्रासी. बॉम्बेत कुणी काही म्हणत नाही. म्हणून बॉम्बे."

"तो रकाना नाही इथे. लहानपणी आई तुझ्याशी काय बोलायची?"

विचार केला त्याने. "ओरडायची पंजाबीत. जेवायला हिंदीत बोलवायची."

"एक सांग."

"मग ओरडायची ती लिहा. तेच जास्त होतं."

लिहिलं पंजाबी. रकाना भरला. बाहेर आल्यावर उगाच राग आला, कुणाचा ते कळेना. एक लिहायला मीच लावलं त्याला. तोवर बरा होता तो.

नीलाला काही सांगितलेलं नाही. तिने विचारलेलं नाही.

२४ फेब्रु., रविवार

विचारलं.

दूध केंद्रावर गावंडे भेटले तिला. "तुमचं झालंय, आईंनी सांगितलं सगळं." काय सांगितलं म्हणून विचारलं तर "गोपनीय असतं ताई," म्हणाले. स्वतःच्या स्लिपेवर काय आहे ते तिलाच कळू देत नव्हते. नियमाने चालणारा माणूस. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काय सांगितलंस?"

मी खोटं बोलत नाही. सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू म्हणायचीस, मोठे झालात की ठरवा. मी ठरवलं. तुला सांगितलं. तेरा तारखेला, इथेच."

"ठरवावं. पण जे आहे त्यातलं. बाप्तिस्म्याशिवाय कुणी ख्रिश्चन होत नाही."

"सुधीरची मुंज कधी झाली?"

मी दुधाची पिशवी उचलली.

"नाही, सांग ना. सुधीर हिंदू म्हणाला तर तू विचारलंस, कशावरून? एकदा तरी? मला पुरावा, त्याला चहा."

सुधीर म्हणाला, "मला का ओढतेस?" ती म्हणाली, "तू दलालासमोर पप्पांना सोडलंस तेव्हा कुणी तुला जाब विचारला नाही, म्हणून." तो शर्ट चढवून बाहेर गेला.

मग शाळेच्या दाखल्यांचं काढलं. दोघांच्या फॉर्मवर आम्ही धर्माच्या रकान्यात रेघ मारली होती. सुधीरचा फॉर्म मी नेला होता, कुंकू लावून, कारकुनाने रेघेवर हिंदू लिहिलं. नीलाचा इ.ने नेला. दुसरी शाळा, दुसरा कारकून, डिमेलो ऐकून त्याने ख्रिश्चन लिहिलं. एकाच आईबापाची दोन मुलं, दोन दाखले.

"तू कुठला दाखला बदलायला गेली होतीस, आई? माझाच ना? सुधीरचाही चुकलेलाच होता."

गेले होते. दोनदा. हेडमास्तरांनी प्रतिज्ञापत्र मागितलं म्हणून राहिलं. हिला कुणी सांगितलं ते? इ.ने. तो खिडकीशी उभा होता, पाठ करून.

जेवायला पिठलं भात. 

२५ फेब्रु., सोमवार

शाळेत दोन मुलींना विनाकारण बोलले. एकीने वही आणली नव्हती, तिला; दुसरीने आणली होती, तिलाही.

ती म्हणाली ते सगळं खरं आहे हे मला कळतं. मी बी. ए. आहे, मूर्ख नाही. पण खरं आहे म्हणून राग जात नाही. एकाने बापाला पुसलं, एकीने आईला. हे मला काल जेवताना दिसलं. आणि बापाला पुसलं तेव्हा मी हसत होते.

तरी बाप्तिस्म्याचा मुद्दा राहतोच. उत्तनची माणसं तरी तिला आपली म्हणतात का? उद्या अर्धी रजा टाकते. रोजीला विचारते. तिची सख्खी आत्या आहे, चर्चच्या बायकांत पुढे असते. तिच्याच तोंडून वदवून आणते.

२६ फेब्रु., मंगळवार

बसने उत्तन. रोजी अंगणात बोंबील उलटत होती. उठली नाही, पाट सरकवला.

"ये वहिनी. इग्नेशस बरा हाय ना?"

मी आडवळणं घेत नाही. म्हटलं, नीला जनगणनेत ख्रिश्चन लिहा म्हणते, तुम्ही लोक मानता का तिला ख्रिश्चन?

तिने हात पुसले. "पोर आमची हाय. पन आमच्यातली न्हाय."

मला हवं तेच उत्तर. ह्यासाठीच आले होते. आणि माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पाटावरून उठलेच.

"आमच्यातली नाही म्हणजे? तुमच्या आईने सहा वर्षं मांडीवर घेतली. तुमची बोली बोलत होती. अजून कोण असायचं मग?"

"मंग तू पान्याखाली का न्हाय धरलीस? आम्ही न्हाय आडवलं. तूच बोल्लीस, मोठी झाली का ठरवल."

हेही खरं. आज सगळे खरंच बोलायला बसलेत.

मग रोजीने सांगितलं. तिच्या थोरलीच्या लग्नात, दोन वर्षांपूर्वी. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, उंबराचं पाणी आणतात, घरच्या मुली कळशा घेतात. नीला लुगडं नेसून आली होती. आजीचं लाल लुगडं, स्वतः नेसून, बिनचूक. कळशी घ्यायला हात पुढे केला तर कुणीतरी म्हातारी म्हणाली, हिला नको, ही बाटलेली न्हाय. बाप्तिस्मा नाही ह्या अर्थी. कळशी दुसरीला गेली.

"मग?"

"मंग काय. चालली बाजूबाजूनं, रिकाम्या हातानं. गात व्हती आमच्यासंगं. सगली गानी पाठ हायत तिला. माज्या पोरींना पन न्हाय येत तेवढी."

"तू का नाही दिलीस तिला कळशी?"

रोजीने बोंबील उलटला. "तुजी तरी कुठं हाय ती," म्हणाली. "तुज्या भावाच्या घरी गनपतीला ताट कुठं मांडतात तिचं?"

मला माहीत नाही. मी आत बायकांत असते. बघितलं नाही कधी.

परतीच्या बसमध्ये कुणीतरी पाय दिला, त्याच्यावर तोंडसुख घेतलं.

२७ फेब्रु., बुधवार

नीलाला विचारलं, कळशीचं मला का नाही सांगितलंस?

"तू म्हणाली असतीस, बघ, म्हणून सांगत होते."

म्हणाले असते.

"आणि तरी तू तेच नाव सांगतेस? ज्यांनी कळशी दिली नाही त्यांचं?"

"कळशी त्यांची होती. गाणी माझी आहेत." चप्पल काढत होती, सरळ माझ्याकडे बघून बोलत नव्हती. "आणि आई, तुला वाटतं मला निवडायला दोन आहेत. मला एकच आहे. बँकेत डिमेलो म्हटलं की संपलं. कुणी विचारत नाही. 'तुमच्यात नाताळला काय करतात?' मामाकडे गणपतीला मामी म्हणते, डिमेलोची मुलगी आली, तिला ताट बाहेर द्या, सोवळं आहे. मी हिंदू सांगितलं तर दहा वेळा समजावत बसावं लागतं, ख्रिश्चन सांगितलं तर उत्तनला एकदाच. दहापेक्षा एक बरं. सुधीर डी. लावून सुटला. मी बाई आहे, माझं आडनाव तसंही बदलायचंय म्हणतात सगळे, तोवर तरी पुरं लावते."

"मग हिशोब आहे हा."

"नाही. हे तुला समजावं म्हणून सांगितलं. माझ्यासाठी काय आहे ते सांगितलं नाही अजून."

नाही सांगितलं. मी विचारलं नाही. दार लागलं.

मामीचं लिहून ठेवते. ताट बाहेर. इतक्या वर्षांत भावाने मला एका शब्दाने सांगितलं नाही. आणि सुधीरचं? तो आतल्या पंगतीला असतो, मी बघितलंय.

१ मार्च, शुक्रवार

मोजणी संपली. पाच तारखेपर्यंत फेरतपासणी. प्रत्येक घरी पुन्हा जायचं, मधल्या काळात जन्म-मृत्यू झाला का विचारायचं, काही चुकलं असेल तर दुरुस्त करायचं.

काही चुकलं असेल तर.

नया नगरला त्या चिपळूणच्या आईवालीकडे गेले. जन्म नाही, मृत्यू नाही. दीर म्हणाला, "मॅडम, सोच लिया, वो उर्दू कर दीजिए." ती म्हणाली, "नको." मी वही मिटली. पूर्वीसारखं फुशारता आलं नाही. ह्या दिराने जे केलं तेच मी केलं, फरक एवढाच की नीला तेव्हा स्वयंपाकघरात नव्हती.

३ मार्च, रविवार

गावंडे सर आले. सगळे घरी. मीच दार उघडलं.

"बाई, जन्म मृत्यू काही?"

"नाही. पण एक स्लिप चुकली आहे. मी चुकीचं सांगितलं. जिची आहे तिला विचारा."

इ. ने रेडिओ बंद केला. नीला दारात उभी राहिली. गावंड्यांनी स्लिप शोधली, मान खाली. "बोला ताई. धर्म?"

"ख्रिश्चन."

खोडलं, वर लिहिलं, सही केली. सुधीर सोफ्यावर होता. इ. म्हणाला, अगदी सहज, "सर, त्याचंही बघून घ्या. त्या दिवशी घरी नव्हता तोही." असं बोलायची ह्याची पहिलीच वेळ. सुधीरने मान वर केली नाही. "आहे ते ठीक आहे," म्हणाला. मी ह्या वेळी इ.च्या तोंडाकडे बघितलं. बघायला नको होतं असं वाटलं, पण बघितलं.

मग गावंडे म्हणाले, "मातृभाषा मराठी राहू दे ना?"

नीला म्हणाली, "नियम काय आहे?"

गावंडे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितला. लहानपणी आई त्या माणसाशी जी भाषा बोलली ती.

"आणि आई नसेल तर?"

"नसेल म्हणजे लहानपणीच वारली असेल, तर घरात जी बोलली जायची ती."

"वारली नव्हती," नीला म्हणाली. "दादरला शिकवत होती."

गावंडे बिचारे पेनाचं टोपण लावत काढत होते. म्हणाले, "ताई, बोलीचं नाव दिलंत तरी वर ते मराठीतच मोजतील. फरक काही पडत नाही."

"मला पडतो. पण मी नाही सांगणार. एक रकाना मी भरला. हा आईला विचारा. काय बोलायची माझ्याशी ते तिलाच माहीत."

सूड म्हणून म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. आवाजात सूड नव्हता. खरंच विचारत होती.

मी म्हटलं, परवा या. पेन्सिलने खूण केली त्यांनी आणि गेले.

४ मार्च, सोमवार

मराठी, असं सांगून मोकळं व्हायला काय हरकत आहे? मी मराठीतच बोलत असणार. दुसरं काय बोलणार होते? आणि उत्तनची बोलीही मराठीच. दोन्हीकडून उत्तर एकच येतं. गावंड्यांना घाई आहे.

पण तिने भाषा विचारलेली नाही. हे गावंड्यांना कळलं नाही, मला कळलं.

सगळ्यांची चीड आली आहे. रोजीची, भावाची, भावजयीची, त्या दोन कारकुनांची, एकच रकाना छापणाऱ्यांची. आईची सुद्धा, एकच जमेल म्हणाली तिची. ती जाऊन अकरा वर्षं झाली.

भावाला पत्र लिहिलं. चार ओळी. यंदा गणपतीला आम्ही चौघं येऊ, ताटं एका ओळीत मांडणार असाल तर. टाकलं पेटीत.

५ मार्च, मंगळवार

शेवटचा दिवस. कागद संध्याकाळी जमा करायचे. माझे सकाळीच दिले. गावंडे सहाला येणार.

दुपारी शाळेला रजा टाकली, इ.ला विचारलं. नीला उत्तनला होती तेव्हा रविवारी आपण जायचो. मी तिच्याशी काय बोलायचे?

तो म्हणाला, "तू आलीस की ती आईच्या लुगड्यामागे लपायची. मग हळूहळू बाहेर यायची, तुला काहीतरी सांगायला लागायची. कोंबडीचं, होडीचं."

"आणि मी?"

"तू म्हणायचीस, नीट बोल."

"आणखी?"

"आणखी आठवत नाही. ती परत आत जायची."

भांडण काढावंसं वाटलं त्याच्याशी. कोंबडीचं काय सांगायची, तेवढं तरी आठवतं का म्हणून विचारलं. नाही म्हणाला.

नीला साडेपाचला येते. गावंडे सहाला. मधे अर्धा तास आहे, कोंबडीचं तिलाच विचारायला.